बारा पानांचा शोधनिबंध दोनदा वाचूनही पाच ओळींत सांगता येत नाही, कुठून धरायचा?

कोरी_वही

नमस्कार मंडळी. एम. फार्म.च्या पहिल्या वर्षाला आहे. पुढच्या गुरुवारी जर्नल क्लबमध्ये मला कोविडमधल्या डेक्सामेथासोनचा पेपर मांडायचा आहे. ब्रिटनमधल्या रिकव्हरी ट्रायलचा, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या २५ फेब्रुवारी २०२१ च्या अंकातला. बारा पानं आहेत. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत दोनदा वाचला, निम्मी पानं पिवळी झाली. तरी "यातून निघालं काय?" या प्रश्नाला "डेक्सामेथासोनचा फायदा होतो" यापलीकडे उत्तर देता येत नाही.

आधी वरवर पाहायचं, मग प्रश्न काढायचे, मग वाचायचं आणि शेवटी सारांश लिहायचा, अशी पद्धत असते हे ठाऊक आहे. पण ती या पेपरवर प्रत्यक्ष कशी लावायची ते कुणी सांगेल का?

दोन ठिकाणी तर अडूनच बसले आहे. एक, औषधाच्या गटात २१०४ रुग्ण आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात ४३२१. मधले निम्मे गेले कुठे? दोन, मृत्यू २२.९ टक्के आणि २५.७ टक्के. भागाकार केला तर ०.८९ येतो, पेपरात मात्र ०.८३ छापलंय.

सरळवाट

एवढा घोळ घालू नका. अॅबस्ट्रॅक्ट वाचा, शेवटचा निष्कर्ष वाचा, झालं. मधलं सगळं परीक्षकांचं समाधान करण्यासाठी असतं. जर्नल क्लबमध्ये दहा मिनिटं मिळतात, त्यात मेथड्स कुणी ऐकत नाही.

अंशछेद

कोरी_वही, तुमचे दोन्ही प्रश्न चांगले आहेत, आणि दोन्ही पेपर ओळीने वाचल्यामुळेच अडलेत. असा पेपर गोष्टीसारखा पुढे सरकत नाही. एका आकड्याचं कारण पान ३ वर, आकडा पान ६ वर आणि त्याची मर्यादा पान १० वर असते. ओळीने वाचताना पान ३ वरचं कारण बिनकामाचं वाटतं, कारण ज्या आकड्याचं ते कारण आहे तो आपण अजून पाहिलेलाच नसतो.

म्हणून पहिली फेरी घड्याळ लावून दहा मिनिटांची. हायलायटर दूर ठेवा. अॅबस्ट्रॅक्ट एकदाच वाचा, समजलं नाही तरी थांबू नका. प्रस्तावनेचा फक्त शेवटचा परिच्छेद पाहा, तिथे लेखक काय तपासलं ते सांगतात. मग मजकूर सोडून थेट चित्रांकडे आणि तक्त्यांकडे जा. या पेपरात तीन आकृत्या आणि दोन मुख्य तक्ते आहेत. आकृती १ म्हणजे रुग्ण कुठून कुठे गेले याचा ओघ. तक्ता १ म्हणजे सुरुवातीला रुग्ण कसे होते. आकृती २ म्हणजे २८ दिवसांतल्या मृत्यूंच्या रेषा, एकूण एक चौकट आणि श्वसनाच्या मदतीनुसार तीन. आकृती ३ म्हणजे त्याच तीन गटांचे आकडे एकाखाली एक. तक्ता २ मध्ये उरलेले निकाल. प्रत्येकाखालची ओळ पूर्ण वाचा. "रँडमायझेशनच्या वेळी" हे दोन शब्द तिथेच भेटतात आणि ते पुढे फार महत्त्वाचे ठरतात.

या फेरीत तुमचा पहिला प्रश्न सुटतोच. आकृती १ पाहा. १९ मार्च ते ८ जून २०२० या काळात ११,३०३ रुग्णांचं रँडमायझेशन झालं. त्यांपैकी ९३५५ जणांना डेक्सामेथासोन देता येण्याजोगं होतं. त्यांतले ६४२५ या तुलनेत आहेत, बाकीचे त्याच वेळी तपासल्या जाणाऱ्या दुसऱ्या औषधांच्या गटांत गेले. आणि वाटणीच दोनास एक ठरवली होती, नेहमीच्या उपचारांना दोन तर औषधाला एक. निम्मे रुग्ण कुठेही गेलेले नाहीत. हे आधी कळलं नाही, तर पुढचं प्रत्येक पान "गळती झाली असेल" या संशयाने वाचलं जातं आणि चुकीच्या जागी शक्ती जाते.

पहाटवारा

छान धागा. माझीही हीच अडचण आहे, मिनिटाला १८० शब्दांच्या वर वेग जात नाही. राज्यसेवेचे संदर्भग्रंथ संपतच नाहीत. बोट फिरवत वाचल्याने वेग वाढतो का?

अंशछेद

पहाटवारा, इथे वेगाचा प्रश्न नाही. पहिल्या फेरीत बारा पानांतला बहुतेक मजकूर आपण वाचतच नाही, म्हणून ती दहा मिनिटांत होते. जो परिच्छेद वाचायचा ठरतो तो मात्र मिनिटाला १८० शब्दांपेक्षाही हळू वाचावा लागतो. सांख्यिकीचा एक परिच्छेद पंधरा मिनिटं खातो आणि त्याला तेवढी द्यावीच लागतात. तुमच्या परीक्षेसाठी वेगळा धागा काढा, तिथे पाठांतर आणि उजळणीचं गणित निराळं आहे.

कोरी_वही

आकृती १ पाहिली. दोन्ही वेळा मी ती वगळून पुढे गेले होते, कारण नुसत्या चौकटी वाटल्या. दोनास एक हे पद्धतीच्या भागातही लिहिलंय, आता दिसलं.

प्रश्न कसे काढायचे? मी लिहिले ते असे: "डेक्सामेथासोन म्हणजे काय? रिकव्हरी ट्रायल काय आहे? निष्कर्ष काय?"

मार्जिनमधली_शाई

हे प्रश्न धड्याखालच्या स्वाध्यायासारखे आहेत. त्यांची उत्तरं पेपर न वाचताही मिळतात, त्यामुळे ते वाचनाला दिशा देत नाहीत. प्रश्न कामाचा आहे की नाही याची मी एकच परीक्षा करते: उत्तर एक आकडा, एक हो-नाही किंवा एक नेमकी जागा असेल तर प्रश्न ठेवायचा. "म्हणजे काय" ने संपणारा प्रश्न बहुधा खोडायचा.

कागदाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे प्रश्न, आणि त्याखाली "उत्तर कुठे असेल" याचा अंदाज. उजवी बाजू कोरी. सहा-सातपेक्षा जास्त प्रश्न नकोत. या पेपरसाठी मी हे काढीन:

१. नेमके कोण रुग्ण घेतले, आणि कोण घेतलेच नाहीत? (पद्धत, तक्ता १)
२. औषध किती, किती दिवस, आणि प्रत्यक्षात किती जणांनी घेतलं? (पद्धत, निकालांची सुरुवात)
३. नेहमीच्या उपचारांच्या गटातही काहींना हेच औषध मिळालं का?
४. डॉक्टरांना आणि रुग्णांना कोण कोणत्या गटात ते माहीत होतं का, आणि मृत्यू मोजण्यात त्याने फरक पडेल का?
५. ०.८९ चं ०.८३ कसं झालं? (पद्धतीतला सांख्यिकीचा परिच्छेद)
६. फायदा सगळ्यांना सारखा आहे का? (आकृती ३)

पाचवा प्रश्न तुमचाच आहे आणि या यादीतला तो सगळ्यात चांगला. छापलेला आकडा आणि आपण हाताने काढलेला आकडा जुळत नाही, तिथे लेखकांनी काहीतरी केलेलं असतं. ते काय, हे शोधलं की पद्धतीचा भाग आपोआप वाचला जातो.

सरळवाट

पण मी अॅबस्ट्रॅक्ट आत्ता पुन्हा उघडलं. सहाव्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे की! व्हेंटिलेटरवर २९.३ विरुद्ध ४१.४, ऑक्सिजनवर २३.३ विरुद्ध २६.२, दोन्ही नसलेल्यांत १७.८ विरुद्ध १४.०. निष्कर्षातही लिहिलंय की ऑक्सिजन वा व्हेंटिलेटरवर असलेल्यांना फायदा, बाकीच्यांना नाही. मग बारा पानं कशाला?

अंशछेद

बरोबर, हा अॅबस्ट्रॅक्ट प्रामाणिक आहे. सगळे असे नसतात. पुष्कळ पेपरांत एकूण आकडा अॅबस्ट्रॅक्टमध्ये आणि गटागटांतला फरक आत दडलेला असतो. शिवाय सहापैकी एकाच प्रश्नाचं पूर्ण उत्तर तुम्हाला तिथे मिळालं. कोण घेतले नव्हते, श्वसनाच्या मदतीनुसारचे तीन गट किती मोठे होते, नेहमीच्या उपचारांच्या गटात किती जणांना औषध गेलं, वयाची दुरुस्ती का आणि कशी केली, हे तिथे नाही. आणि जर्नल क्लबमध्ये ऐकणारे नेमकं तेच विचारतात.

कोरी_वही, आता दुसरी फेरी. साधारण तासभर, शक्यतो दोन बैठकांत. पान १ पासून वाचू नका. पहिला प्रश्न घ्या, त्याच्या अंदाजाच्या जागी जा, उत्तर सापडेपर्यंत वाचा, उजवीकडे स्वतःच्या शब्दांत लिहा, सोबत पान क्रमांक टाका. मग दुसरा. अंदाज चुकला तर तीही नोंद करा, कारण पुढच्या पेपरात तीच गोष्ट कुठे शोधायची ते कळतं. पाचव्या प्रश्नासाठी एवढंच सांगतो: सांख्यिकीच्या भागात "वय" शोधा. बाकी तुम्ही काढा.

लोखंडी_पूल

मध्येच विचारतो. माझ्याकडे पेपर नाही, जाडजूड पुस्तक आहे. कंपनांच्या विश्लेषणाचं, ६०० पानी, प्रत्येक पानावर समीकरणं. त्याला अॅबस्ट्रॅक्ट नाही, आकृती ३ नाही. तिथे हे कसं चालवायचं?

मार्जिनमधली_शाई

पुस्तकात प्रश्न लेखकानेच काढून ठेवलेले असतात, प्रकरणाच्या शेवटी. चाळणीची फेरी उलटीकडून करा. आधी शेवटची उदाहरणं वाचा, सोडवायची नाहीत, फक्त "यात दिलंय काय आणि मागितलंय काय" एवढं पाहा. दहा उदाहरणांत सहा वेळा अवमंदनासह नैसर्गिक वारंवारता मागितली असेल, तर प्रकरण कशासाठी आहे ते कळलं. मग चौकटीतली समीकरणं पाहा आणि प्रत्येक चिन्हाचं एकक समासात लिहा. मगच मजकूर. सिद्धता पहिल्या वेळी वगळा, पण ती कोणत्या गृहीतावर उभी आहे ते मात्र लिहून ठेवा, लहान कोन, रेषीय स्प्रिंग वगैरे. उदाहरण चुकतं तेव्हा बहुधा गृहीतक मोडलेलं असतं, बीजगणित नाही. चाळीस पानांचं प्रकरण एका बैठकीत संपवायला जाऊ नका.

लोखंडी_पूल

गृहीतकांची यादी कधीच केली नव्हती. आजपासून करतो.

कोरी_वही

सापडलं! योगायोगाने औषधाच्या गटातल्या रुग्णांचं सरासरी वय १.१ वर्षांनी जास्त होतं. म्हणून वयाचे तीन भाग केले, ७० च्या आतले, ७० ते ७९ आणि ८० व त्यापुढचे, आणि त्यानुसार हिशेब दुरुस्त केला. वय जास्त म्हणजे मृत्यूचा धोका जास्त, त्यामुळे कच्च्या आकड्यांत औषध आहे त्यापेक्षा कमी गुणकारी दिसत होतं. बरोबर?

मग आकृती ३ मधले तिन्ही गट हाताने काढून पाहिले. व्हेंटिलेटर: भागाकार ०.७१, छापलेलं ०.६४. ऑक्सिजन: भागाकार ०.८९, छापलेलं ०.८२. दोन्ही नसलेले: भागाकार १.२७, छापलेलं १.१९. तिन्ही ठिकाणी दुरुस्तीनंतर आकडा खाली आलाय.

अंशछेद

अगदी बरोबर, आणि तिन्ही गट ताडून पाहिलेत हे फार चांगलं केलंत. सगळे एकाच दिशेला सरकले म्हणजे कारण सगळीकडे तेच असावं असं मानायला आधार मिळतो. एक बारकावा मात्र लिहून ठेवा: छापलेला आकडा टक्क्यांचा साधा भागाकार नाही. मृत्यू २८ दिवसांत कधी झाले हेही त्यात धरलेलं असतं. त्यामुळे वयाची दुरुस्ती नसती तरी ०.८९ तंतोतंत आला नसता. पण इथला मोठा फरक वयाचाच.

आता तिसरी पायरी. उरलेले प्रश्न संपले की पेपर बंद करा, टिपणही उलटं ठेवा, आणि पाच ओळी लिहा. आकड्यांसकट. इथे टाका, तपासतो.

डॉ_घाटमाथा

ती पाच ओळींची वेळ येण्याआधी एक विनंती. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात "रुग्णालयात दाखल" हे शब्द ठळक लिहा. या ट्रायलमध्ये घरी असलेला एकही रुग्ण नव्हता. आकृती ३ मधली तिसरी ओळ, ऑक्सिजन न लागणारे, हेसुद्धा रुग्णालयात दाखल असलेलेच आहेत.

हे सांगण्याचं कारण आपल्याकडचं आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात ऑक्सिजनची पातळी व्यवस्थित असलेल्या, घरी असलेल्या रुग्णांनाही स्टेरॉइडं दिली गेली, कधी ६ मिलिग्रॅमपेक्षा कितीतरी जास्त, कधी दहा दिवसांहून जास्त. त्याच महिन्यांत म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले. मधुमेह आणि स्टेरॉइडांचा बेसुमार वापर ही त्यामागची मोठी कारणं मानली जातात. "डेक्सामेथासोनचा फायदा होतो" एवढाच सारांश डोक्यात राहिला की असं होतं. पेपरात मात्र तिन्ही गोष्टी लिहिलेल्या होत्या: कुणाला, दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस किंवा घरी सोडेपर्यंत.

कोरी_वही

पेपर बंद करून लिहिलं. पाहून लिहिलेलं नाही:

"ब्रिटनमध्ये रुग्णालयात दाखल ६४२५ कोविड रुग्णांवर केलेली ट्रायल. २१०४ जणांना दिवसाला ६ मिग्रॅ डेक्सामेथासोन, दहा दिवसांपर्यंत, ४३२१ जणांना नेहमीचे उपचार. कोण कोणत्या गटात हे सगळ्यांना माहीत होतं. २८ दिवसांत डेक्सामेथासोनमुळे मृत्यू १७ टक्क्यांनी कमी झाले. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना सर्वांत जास्त फायदा, ऑक्सिजनवरच्यांना कमी, आणि ऑक्सिजन न लागणाऱ्यांत औषधाने मृत्यू वाढतात हे सिद्ध झालं."

अंशछेद

सुरुवात स्वच्छ आहे. दोन ठिकाणी दुरुस्ती हवी, आणि या दोन्ही चुका नेहमीच्या आहेत.

पहिली, "१७ टक्क्यांनी". ०.८३ म्हणजे तुलनेने १७ टक्के कमी. ऐकणारा मात्र शंभरातले सतरा जीव वाचले असं समजतो. प्रत्यक्षात २५.७ वरून २२.९, म्हणजे शंभरात पावणेतीनच्या आसपास. सारांशात दोन्ही गटांचे मूळ टक्के लिहा आणि ०.८३ त्यापुढे. व्हेंटिलेटरच्या गटात ४१.४ वरून २९.३, म्हणजे १२.१ चा फरक, साधारण आठ रुग्णांमागे एक मृत्यू टळला. ऑक्सिजनच्या गटात कच्चा फरक २.९. "सर्वांत जास्त" आणि "कमी" या शब्दांऐवजी हे दोन आकडे शेजारी ठेवले की एकदम दिसतं.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची. "वाढतात हे सिद्ध झालं" असं पेपर म्हणत नाही. त्या ओळीतला आकडा १.१९ आहे, पण त्याच्याशेजारचा कंस पाहा. त्याचं खालचं टोक १ च्या आत आहे आणि वरचं दीडच्या पुढे. म्हणजे थोडा फायदा, काहीच फरक नाही किंवा बऱ्यापैकी तोटा, यांतलं काहीही या आकड्यांशी जुळतं. त्या गटात १५३५ रुग्ण होते, मृत्यू ८९ आणि १४५. लेखकांचे शब्द सावध आहेत: फायदा दिसला नाही, तोट्याची शक्यता आहे. तुमच्या सारांशात "शक्यता" गळली आणि "सिद्ध" आलं. सारांश लिहिताना सर्वांत आधी असे शब्द गळतात, म्हणून पेपर उघडून ताडताना क्रियापदांकडे पाहायचं, आकडे नंतर.

सरळवाट

म्हणजे तिसऱ्या गटाबद्दल काही म्हणताच येत नाही का? मग ते छापलं कशाला?

अंशछेद

म्हणता येतं, फक्त एकेक ओळ सुटी वाचून नाही. तीन आकडे एकाखाली एक पाहा: ०.६४, ०.८२, १.१९. श्वसनाची मदत जितकी जास्त लागते तितका फायदा जास्त, हा उतार निव्वळ योगायोगाने येणं अवघड आहे हे दाखवणारी चाचणी त्याच आकृतीत आहे. तेव्हा "तिसऱ्या गटात तोटा होतो" हे पक्कं नाही, पण "फायदा सगळ्यांना सारखा नाही" हे बऱ्यापैकी पक्कं आहे. ही दोन वेगळी विधानं आहेत आणि सारांशात दोन वेगळ्या ओळींत यायला हवीत.

मार्जिनमधली_शाई

दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या पाच ओळींत अर्धवट आलंय, ते पूर्ण करा. औषधाच्या गटातल्या ९५ टक्के जणांनी निदान एक तरी डोस घेतला, आणि नेहमीच्या उपचारांच्या गटातही सुमारे ८ टक्क्यांना डेक्सामेथासोन मिळालं. अशी सरमिसळ झाली की दोन गटांतला फरक आहे त्यापेक्षा लहान दिसतो, मोठा नाही. प्रत्येक मर्यादेपुढे "यामुळे फरक फुगेल की आखडेल" हे लिहायची सवय लावा. नुसतं "मर्यादा: उघड ट्रायल" असं लिहिलं तर ती ओळ कुठल्याही पेपरखाली चिकटवता येते. इथे निकाल मृत्यू हा आहे. गट माहीत असला तरी मृत्यू मोजण्यात मत आड येत नाही. रुग्णालयातून कधी सोडायचं यात मात्र येऊ शकतं, म्हणून तक्ता २ मधला १२ विरुद्ध १३ दिवसांचा मुक्काम मी जरा सैल हाताने धरीन.

आणि माझं एक मत: चर्चेचा भाग स्वतःचा सारांश लिहून झाल्यावरच वाचावा. आधी वाचला की लेखकांची वाक्यं आपली वाटू लागतात.

डॉ_घाटमाथा

हे मला पटत नाही. विषयात नवीन असलेल्याला आधीच्या अभ्यासांत काय निघालं होतं तेच माहीत नसतं. प्रस्तावना आणि चर्चेतला तो भाग न वाचता आकृती ३ पाहिली तर व्हेंटिलेटरवरचा फरक इतका लक्षवेधी का, हे कळणारच नाही. ज्याला पार्श्वभूमी आहे त्याने शेवटी वाचावं, नवशिक्याने आधी.

मार्जिनमधली_शाई

प्रस्तावनेबद्दल मान्य. चर्चेबद्दल अजूनही नाही. आधीचे अभ्यास हवे असतील तर चर्चेतले फक्त तेवढे परिच्छेद निवडून वाचता येतात.

कोरी_वही

दुसरा प्रयत्न, आज सकाळी, पुन्हा पेपर बंद ठेवून:

"ब्रिटन, मार्च ते जून २०२०, रुग्णालयात दाखल ६४२५ रुग्ण, वाटणी दोनास एक, घरचे रुग्ण नाहीत. डेक्सामेथासोन दिवसाला ६ मिग्रॅ, जास्तीत जास्त दहा दिवस. २८ दिवसांत मृत्यू २२.९ विरुद्ध २५.७ टक्के, वयाची दुरुस्ती करून गुणोत्तर ०.८३. फायदा सगळ्यांना सारखा नाही: व्हेंटिलेटरवर २९.३ विरुद्ध ४१.४, ऑक्सिजनवर २३.३ विरुद्ध २६.२. दोन्ही न लागणाऱ्यांत १७.८ विरुद्ध १४.०, इथे फायदा दिसत नाही, तोटा होण्याची शक्यता नाकारता येत नाही. नेहमीच्या गटातल्या ८ टक्क्यांनाही औषध मिळालं, त्यामुळे खरा फरक थोडा जास्तच असेल."

काल चाळीस मिनिटं लागली होती, आज बारा. तक्ता १ ताडताना एक दिसलं. व्हेंटिलेटरवरचे रुग्ण ऑक्सिजन न लागणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षांनी लहान आहेत, आणि त्यांची लक्षणं सुरू होऊन जास्त दिवस झालेत, मध्यक १३ दिवस, तर दुसऱ्यांचा ६. मग फायदा व्हेंटिलेटरमुळे ठरतोय की आजाराच्या दिवसांमुळे?

डॉ_घाटमाथा

हा प्रश्न जर्नल क्लबमध्ये नक्की विचारा. लक्षणं सुरू होऊन सात दिवसांपेक्षा जास्त झालेल्यांतही फायदा स्पष्ट दिसला, हे पेपरात आहे. आजाराच्या पहिल्या टप्प्यात विषाणूचा जोर असतो, नंतर शरीराच्या स्वतःच्या दाहाचा, आणि स्टेरॉइड दाहावर काम करतं. त्या अर्थाने दिवस आणि ऑक्सिजन ही दोन्ही एकाच गोष्टीची मापं असू शकतात.

अंशछेद

असू शकतात, पण या पेपरातून ती सोडवता येत नाहीत. रुग्ण व्हेंटिलेटरनुसार किंवा दिवसांनुसार वाटून दिलेले नव्हते, औषधानुसार वाटले होते. दोन्ही गोष्टी रुग्णांत एकत्रच येतात. व्यवहारात मी ऑक्सिजनची कसोटी धरीन, कारण ती खाटेपाशी मोजता येते आणि लक्षणं कधी सुरू झाली हे रुग्णाला नीट आठवतंच असं नाही. घाटमाथा, तुमचं मत वेगळं असेल.

डॉ_घाटमाथा

थोडं वेगळं आहे. दुसऱ्याच दिवशी ऑक्सिजन लागलेल्या रुग्णाबद्दल मला तरीही विचार करावा लागतो, आणि त्याचं उत्तर आकृती ३ देत नाही. कोरी_वही, उजव्या रकान्यात हा प्रश्न कोराच ठेवा आणि मांडताना तो रकाना पडद्यावर तसाच दाखवा.

कोरी_वही

ठेवते. तक्ता १ आणि आकृती ३ एकाच स्लाइडवर शेजारी लावतेय, म्हणजे दिवसांचा प्रश्न कुठून आला ते दिसेल. गुरुवारी काय विचारलं गेलं ते इथे लिहीन.